आठ जागा, दोनशे मतं आणि उरलेली एक खुर्ची

आमच्या वारज्याच्या सोसायटीत यंदा गणेशोत्सव समितीसाठी पॅनलवार मतदान झालं. जुन्या मंडळींना १०७ मतं, तरुणांच्या पॅनलला ५७, सी विंगच्या पॅनलला ३६. एकूण २०० मतं, समितीत ८ जागा. "ज्याची जितकी मतं, तितक्या त्याच्या जागा" हे आधीच ठरलं होतं. त्यामुळे आता फक्त चहा प्यायचा, असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात मीटिंग रात्री साडेअकरापर्यंत चालली.

कारण खजिनदार काकांनी मोबाईलवर हिशेब करून जाहीर केलं, जुने ४, तरुण २, सी विंग २. त्यावर जुन्या पॅनलमधले एक आजोबा उठले. "अहो, निम्म्याहून जास्त मतं आमची, आणि समितीत निम्म्या जागा? ही कुठली तऱ्हा?" त्यांच्या मुलाने लॅपटॉप उघडला आणि तीच मतं घेऊन ५-२-१ काढून दाखवलं. दोघांच्याही बेरजा बरोबर होत्या. पोस्ट लिहायचं कारण हेच.

काकांची पद्धत आपल्या शाळेतल्या भागाकाराची. २०० मतांना ८ जागांनी भागलं की एका जागेची किंमत २५ मतं. याला हेअर कोटा म्हणतात, इंग्लंडमधल्या थॉमस हेअर नावाच्या वकिलाच्या नावावरून. १०७ मध्ये २५ चार वेळा जातात, बाकी ७. ५७ मध्ये दोनदा, बाकी ७. ३६ मध्ये एकदा, बाकी ११. सात जागा वाटल्या गेल्या, एक उरली. ती सर्वांत मोठ्या बाकीला, म्हणजे सी विंगला. ही झाली 'सर्वाधिक बाकी'ची पद्धत. कुणालाही दोन मिनिटांत पटते, आणि तिच्यातला धोकाही तिथेच आहे.

दुसरी पद्धत जागांचा लिलाव केल्यासारखी चालते. प्रत्येक जागेच्या वेळी विचारायचं, ही जागा तुम्हाला दिली तर तुमच्या एका जागेमागे सरासरी किती मतं पडतील? ज्याची सरासरी सर्वांत जास्त, त्याला जागा. म्हणून 'सर्वोच्च सरासरी'. यातली सर्वांत प्रसिद्ध रीत बेल्जियमच्या व्हिक्टर डी'हॉन्टची. तो १, २, ३, ४ असं भागत जातो. जुन्यांचे आकडे येतात १०७, ५३.५, ३५.७, २६.८, २१.४. तरुणांचे ५७, २८.५, १९. सी विंगचे ३६ आणि १८. यांतले सर्वांत मोठे आठ उचलायचे. शेवटच्या जागेसाठी जुन्यांचे २१.४, तरुणांचे १९ आणि सी विंगचे १८ भांडतात. जागा जुन्यांना जाते. ५-२-१.

"मग खरी पद्धत कोणती?" हा प्रश्न रात्री किमान सहा वेळा विचारला गेला. दोन्ही खऱ्याच आहेत, फक्त त्या उरलेल्या खुर्चीबाबत त्यांचं मत वेगळं आहे. 'सर्वाधिक बाकी'ची पद्धत लहान पॅनलच्या तुटक तुकड्यालाही किंमत देते. डी'हॉन्टची पद्धत मोठ्याकडे थोडी झुकते. मधली एक वाटही आहे, फ्रेंच गणिती सँत-लाग्यूची. तिच्यात १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी भागतात. आमच्याकडे ती लावली तर शेवटच्या जागेला सी विंगचे ३६ भागिले ३, म्हणजे १२, आणि जुन्यांचे १०७ भागिले ९, म्हणजे ११.९. केसाएवढ्या फरकाने पुन्हा ४-२-२.

माझं मत मात्र न्याय-अन्यायावर नाही, लबाडीवर आधारलेलं आहे.

समजा, जुन्या पॅनलला काकांची पद्धत आधीच माहीत असती आणि त्यांनी एकाऐवजी पाच पॅनल उभी केली असती. मतं वाटून घेतली, २२, २२, २१, २१, २१. आता यांच्यातल्या एकालाही २५ चा कोटा पुरा होत नाही. पूर्ण जागा फक्त तरुणांना २ आणि सी विंगला १. पाच जागा उरल्या. सर्वांत मोठ्या बाक्या कुणाच्या? त्याच पाच पॅनलांच्या. म्हणजे एकाही मतदाराचं मन न वळवता, फक्त नावं फोडून, चाराच्या पाच जागा झाल्या. एकत्र राहणाऱ्याला पहिल्या चारही जागांसाठी पूर्ण २५-२५ मतं मोजावी लागतात, फुटणाऱ्याला प्रत्येक जागेला २१-२२ पुरतात. सँत-लाग्यूतही हा डाव आमच्या आकड्यांवर जमतो, तेही मी तपासलं.

डी'हॉन्टमध्ये हा डाव फुकट जातो. तीच पाच पॅनल उभी केली तरी ५-२-१ च राहतं, फायदा शून्य. आणि ५४ व ५३ अशी दोनच पॅनल केली तर? शेवटच्या जागेसाठी तरुणांचे १९ आणि फुटलेल्यांचे १८. पाचवी जागा तरुणांकडे जाते. फुटलात तर मिळवाल काहीच नाही, गमवाल कदाचित.

हे केवळ आमच्या पार्किंगमधलं गणित नाही. कोलंबियात पूर्वी 'सर्वाधिक बाकी'ची पद्धत होती आणि एका पक्षाला उमेदवारांच्या हव्या तेवढ्या याद्या देता येत. तिथले पुढारी आपापली छोटी यादी घेऊन उतरायचे आणि बाकीवर निवडून यायचे. लोकांनी त्या प्रकाराला गांधीलमाश्यांची मोहीम असं नाव ठेवलं होतं. २००२ साली सिनेटच्या १०० जागांसाठी तीनशेहून अधिक याद्या उभ्या होत्या. २००३ मध्ये त्यांनी नियम बदलले, पक्षाला एकच यादी आणि वाटप डी'हॉन्टने.

बाकीच्या पद्धतीची दुसरी खोड १८८० च्या जनगणनेनंतर अमेरिकेत सापडली. राज्यांना प्रतिनिधी वाटताना जनगणना कचेरीतल्या सीटन नावाच्या मुख्य कारकुनाने वेगवेगळ्या सभागृहांचे तक्ते केले. २९९ जागांच्या सभागृहात अलाबामाला ८ जागा, आणि ३०० च्या सभागृहात ७! सभागृह वाढलं, अलाबामाची जागा गेली. कारण एक जागा वाढली की सगळ्यांचे वाटे वाढतात, पण इलिनॉयसारख्या मोठ्या राज्याचा वाटा झपाट्याने, अलाबामाचा हळू. बाक्यांच्या शर्यतीत अलाबामा मागे पडलं. सरासरीच्या पद्धतीत हे होऊच शकत नाही. जागा एकेक करून दिल्या जातात, दिलेली परत घेतली जात नाही.

आपल्याकडे पुणे महापालिकेच्या स्थायी समितीत १६ सदस्य पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार जातात. पुढच्या वेळी ही बातमी वाचताना अपूर्णांकांचं काय केलं, हे शोधून बघा, मजा येते.

मी डी'हॉन्टच्या बाजूने मत दिलं. मला सी विंगचं वाईट वाटलं. ३६ लोकांना एक जागा आणि १०७ ना पाच, म्हणजे त्यांच्या एका जागेमागे ३६ मतं आणि जुन्यांच्या २१. लहानांवर अन्याय आहेच, नाकारत नाही. पण आमच्या सोसायटीत फुटून उभं राहायला लोकांना निमित्त लागतं, आणि मी ते द्यायला तयार नाही.

खरी चूक वेगळी होती. मतपेटी उघडल्यावर आम्ही पद्धत निवडायला बसलो. मग जुन्यांच्या १०७ मतांनी कोणती पद्धत पसंत केली, ते सांगायला नको. सी विंगच्या काकू जाताना काकांना विचारत होत्या, "तुमची ती २५ वाली रीत पुढच्या वर्षी आधीच ठरवली, तर आम्ही दोन पॅनल काढू का?" काकांनी मोबाईल पुन्हा बाहेर काढला.