कमळ (तीन अक्षरी)

रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यात "कमळ (३)" असं आलं की माझा चहा थंड होणार हे ठरलेलं. उत्तर येत नाही म्हणून नाही, फार येतात म्हणून. पंकज, नीरज, सरोज, अंबुज, जलज... अर्धी सोसायटीच त्या तीन घरांत राहायला येते. आणि गंमत म्हणजे सगळ्यांचा शेवट ज. म्हणजे तिसऱ्या घरात ज बिनधास्त लिहून टाकायचा आणि पहिल्या दोन घरांकडे बघत बसायचं. मध्येच राजीव आणि उत्पल हे दोघं ज नसलेले कोपऱ्यात उभे असतात ते वेगळेच, म्हणून आपला ज पण पेन्सिलनेच.

गेल्या रविवारी त्या ज वरून खाली एक म्हण होती. "आपला हात ____ (४)". आई भाजी निवडता निवडताच म्हणाली, "जगन्नाथ!" झालं, ज पक्का. पण ज तर आधीपासूनच होता हो! म्हण सुटली आणि मदत शून्य.

त्यात पुतण्या आला. इंजिनियरिंगला आहे, इंग्लिश क्रॉसवर्ड फोनवर सोडवतो म्हणून कॉन्फिडन्स भारी. त्याने ज, ग, न, ना, थ असं मोजलं आणि "काका, पाच होतायत, कोडंच चुकलंय" म्हणून मोकळा. त्याला सांगितलं की बाबा, आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळा संसार त्याच खोलीत, न्ना ला वेगळी खोली मिळत नाही. तर म्हणतो, "मग सोपंय." सोपंय म्हणे! इंग्लिशमध्ये जुळवायला सव्वीस अक्षरं, इथे रो पाहिजे तिथे रा चालत नाही आणि रं पण चालत नाही.

कमळाचं पहिलं अक्षर मिळायचा एकच रस्ता होता, पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द. "निर्धन × ____ (३)". धनवान चार अक्षरी, बाद. धनिक? मग कमळ ध ने सुरू व्हायला पाहिजे. श्रीमंत? मीपण श्रीमंत लिहायला पेन्सिल टेकवली होती, पण श्री ने सुरू होऊन ज ने संपणारं कमळ आमच्या तरी तळ्यात नाही. बायको आतून ओरडली, "अरे सधन! शाळेत पाठ केलेली यादी आठव ना!" कोडं करणाऱ्यांकडे ती विरुद्धार्थी शब्दांची यादी अजून जपून ठेवलेली असते बहुतेक. सधन चा स वर गेला, सरोज आली, आणि उरलेल्या पंकज-नीरज मंडळींना एकदाचं घरी पाठवलं.

जगन्नाथाच्या थ पासून आडवा "पक्ष्यांचा समूह (२)", थवा. एवढं सरळ आलं की भीती वाटते. वा वरून खाली "नाचता येईना अंगण ____ (३)". आता हे कुणाला येत नाही? आई म्हणाली वाकडं, मी वाकडं लिहिलं. मग त्या डं पासून आडवा "तंबू (२)". डं ने सुरू होणारा तंबू! डंका, डंख, डंपर (हा पुतण्या)... कोडं तिथेच अडलं आणि घरात वीस मिनिटं डं डं चालू. शेवटी बायकोने येऊन बघितलं आणि म्हणाली, "छापतात वाकडे. डे. डेरा लिही, आणि पोहे खायला चला सगळे."

म्हणींचा खरा घोळ हा आहे. त्या तोंडात एक असतात आणि छापून दुसऱ्या येतात. बोलताना आपण नावडतीचं मीठ, अंगण वाकडं असं सगळं सैल सोडून बोलतो आणि कोड्याला मात्र इस्त्री केलेली भाषा लागते. शेवटच्या अक्षरावरचा एक अनुस्वार, आणि शेजारच्या शब्दाचा सत्यानाश.

आईला मात्र हे मान्य नाही. "आमच्याकडे जन्मात कुणी वाकडे म्हटलं नाही," असं म्हणून तिने मावशीला फोन लावला. मावशीपण वाकडंच म्हणाली, म्हणजे बहुमत झालं. आज उत्तरं छापून आली, स्वच्छ "वाकडे", खाली "डेरा". मी पेपर आईपुढे धरला. तिने चष्मा लावून नीट वाचलं आणि पेपर परत दिला.

"प्रिंटिंग मिस्टेक आहे," म्हणाली.