‘ओळखलंस का?’ हा प्रश्न मेळाव्यात नकोच

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ‘ओळखलंस का? सांग बघू मी कोण?’ या प्रश्नावर बंदी घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. तीसेक वर्षांनी भेटलेल्या माणसाची पहिल्या मिनिटाला तोंडी परीक्षा कशाला घ्यायची? समोरचा कसनुसं हसतो, ‘चेहरा ओळखीचा वाटतोय’ म्हणतो आणि सुटका करून घ्यायला कोणीतरी तिसरा शोधतो.

नाव न आठवण्यात समोरच्याचा काही दोष नसतो. अमेरिकेत १९७५ साली बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर छान काम केलं होतं. शाळा सोडून काही महिने झालेल्यांपासून जवळपास पन्नास वर्षं झालेल्यांपर्यंत ३९२ जण त्यांनी जमवले आणि त्यांच्याच शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांतून त्यांची परीक्षा घेतली. अनोळखी फोटोंमध्ये मिसळलेला वर्गमित्राचा फोटो पस्तीसेक वर्षांनीही लोक ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर उचलत होते. पण नुसता फोटो दाखवून नाव विचारलं की गाडी अडायची, आणि काहीच न दाखवता ‘वर्गातली नावं सांगा’ म्हटलं की त्याहून जास्त. यातली गोम अशी की ते फोटो त्या वेळचे होते. आपल्या डोक्यात बसलेला चेहरा अठरा वर्षांचा असतो आणि समोर उभा असतो चष्मा लावलेला, केस गेलेला पंचावन्न वर्षांचा गृहस्थ. म्हणून मेळाव्याच्या बिल्ल्यावर आताचा हसरा फोटो छापण्यात काही अर्थ नाही. तेव्हाचा ओळखपत्रावरचा फोटो छापा, कितीही धुरकट असला तरी.

हे झालं आपल्याच वर्गातल्यांचं. मला खरं तर दुसऱ्याच माणसाबद्दल लिहायचंय. आपल्याच कॉलेजचा, पण वेगळ्या बॅचचा, वेगळ्या शाखेचा, तेव्हा कधी बोललोही नव्हतो असा. मेळाव्यात निम्मे लोक असेच असतात आणि आपण त्यांना टाळून आपल्या चौघींच्या कोंडाळ्यात शिरतो. मला मात्र आताशा याच लोकांशी बोलायला जास्त मजा येते. आपल्या मैत्रिणींच्या आठवणी आपण इतक्या वेळा उगाळलेल्या असतात की त्यात नवं काही निघत नाही. या माणसाने मात्र तीच इमारत, तेच मास्तर दुसऱ्या बाजूने पाहिलेले असतात.

अडचण असते ती सुरुवातीची. बहुतेकांचं संभाषण ‘कुठली बॅच?’ ‘८९. तुमची?’ ‘९१.’ ‘अच्छा, अच्छा’ इथेच संपतं. मग ‘सध्या काय करता?’ सुरू होतं, त्यातून नोकरी, मुलं, मुलांची नोकरी, आणि ज्या कॉलेजसाठी दोघं आलेत ते राहतंच बाजूला.

बॅच विचारायलाच हवी, पण ती फक्त हिशेबासाठी. साल ऐकून आठवण वर येत नाही. वागेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं रोज स्वतःच्याच आयुष्यातली एखाददुसरी घटना लिहून ठेवली: काय झालं, कोण होतं, कुठे, कधी. अशा २४०० नोंदी झाल्यावर त्याने स्वतःचीच परीक्षा घेतली. १९८६ साली त्याने निष्कर्ष छापले. ‘काय झालं’ एवढं कळलं की बाकीचं सगळ्यात जास्त आठवायचं, ‘कोण’ आणि ‘कुठे’ यांचाही उपयोग व्हायचा, पण नुसती तारीख दिली तर जवळजवळ काहीच नाही. आणि आपण मेळाव्यात नेमकी तारीख विचारून थांबतो!

गेल्या मेळाव्यात जुन्या फोटोंच्या फलकासमोर एक गृहस्थ एकटेच उभे होते. त्यांच्या बिल्ल्यावर ८९ होतं. माझ्या बिल्ल्यावर माझं आताचं आडनाव, ते वाचून त्यांना काय बोध होणार!

मी म्हटलं, “नमस्कार. मी ८८ ते ९१, कला शाखा. म्हणजे तुमचं शेवटचं वर्ष ते माझं पहिलं.”

“हो का? मी सायन्सचा. आमचा तुमच्या बाजूला कधी संबंधच आला नाही.”

इथे बहुतेक जण ‘हो ना, वेगळीच बिल्डिंग होती’ म्हणून पुढे सरकतात. मी विचारलं, “प्रॅक्टिकल संपलं की तुमची गँग कुठे बसायची?”

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “लायब्ररीच्या जिन्यात. लाकडी जिना होता तो...”

“वळणावरची पायरी वाजायची!”

“अहो, वाजायची म्हणून तर तिथे बसायचो आम्ही! ग्रंथपाल वरून उतरायला लागले की पायरी करकरायची आणि आम्ही पसार.”

मी ती पायरी ओलांडून जायचे. पुस्तक परत करायची तारीख उलटलेली असली की आवाज न करता वर जायचं आणि सरांचं लक्ष नाही असं बघून टेबलावरच्या ढिगात पुस्तक सरकवून द्यायचं, हा आमच्या वर्गातल्या मुलींचा ठरलेला उद्योग. एकच पायरी, वर बसलेले ते ग्रंथपालही तेच. यांना ती पहारेकऱ्यासारखी उपयोगी पडायची आणि आम्हाला ती चुकवावी लागायची. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके मोकळे हसले की फलकासमोरचे दोघंतिघं वळून बघायला लागले.

प्रश्न नीट बघा. ‘तुमची एखादी आठवण सांगा’ असं मी विचारलं नाही. असं विचारलं की माणूस मोठी, सांगण्यासारखी घटना शोधायला लागतो आणि ती सापडेपर्यंत अवघडून उभा राहतो. ‘कुठे बसायचात’, ‘तास बुडवून कुठे जायचात’, ‘नोटीस बोर्डासमोर निकालाच्या दिवशी किती गर्दी व्हायची’ हे रोजचं होतं, शेकडो वेळा घडलेलं. ते लगेच हाताला लागतं. शिवाय ते दोघांचंही असण्याची शक्यता जास्त. गॅदरिंगचं नाटक एका बॅचचं असतं, जिना सगळ्यांचा असतो. त्यामुळे वर्षं अजिबात जुळत नसली तरी हे चालतं. फक्त मग बॅचपेक्षा जास्त टिकलेल्या गोष्टी पकडायच्या: वीस-पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेले क्लार्क, तासाची घंटा, मागच्या बाजूचं फाटक, पंखा न चालणारी खोली.

आता सावधगिरीची गोष्ट. गप्पा रंगल्या की माणूस भराभर ‘हो हो’ म्हणायला लागतो. ते गृहस्थ म्हणाले, “आणि ते वक्तृत्व स्पर्धेत दिवे गेले होते, अध्यक्ष अंधारात दहा मिनिटं बोलत होते, तेव्हा तुम्ही असणारच!” मी तेव्हा नव्हते. ते माझ्या आधीच्या वर्षीचं. पण तो किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की अंधारातल्या खुर्च्या मला दिसतात. मी सरळ सांगितलं, “मी नव्हते, पण आम्हाला तो सीनियर मुलींनी सांगितलाय.” ते उलट खूष झाले. आपल्या वर्गाचा किस्सा पुढच्या बॅचपर्यंत पोचला होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

हे मी सोवळेपणाने सांगत नाही. दुसऱ्याने सांगितलेला तपशील आपल्या आठवणीत अलगद शिरतो आणि नंतर तो आपलाच वाटायला लागतो. रोडिगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हे प्रयोगातून दाखवलंय. दोघांनी तीच चित्रं पाहायची, मग आळीपाळीने काय दिसलं ते सांगायचं. दुसरा माणूस संशोधकांचाच असायचा आणि मुद्दाम चित्रात नसलेल्या वस्तू सांगायचा. पुढे एकट्याने आठवताना लोक त्या नसलेल्या वस्तूही लिहायचे. मेळाव्यात तर सगळे आनंदाने एकमेकांना वस्तू पुरवत असतात!

खरी आठवण आणि शिष्टाचाराचं ‘हो हो’ यातला फरक ओळखायला मी एकच गोष्ट बघते. समोरच्याने मी न सांगितलेलं काही घातलं का? मी ‘पायरी वाजायची’ म्हटल्यावर त्यांनी ग्रंथपाल आणले, म्हणजे जिना दोघांच्याही डोक्यात होता. ते नुसतं ‘हो, हो, जुनं होतं ना सगळं’ म्हणाले असते तर मी जिना सोडून दुसरीकडे वळले असते. जिन्याला धरून बसायचं नाही. दोनतीन ठिकाणं चाचपूनही काही लागलं नाही तर छान हसून निरोप घ्यावा. प्रत्येकाशी तार जुळलीच पाहिजे असा काही नियम नाही.

आणि शिक्षकांच्या बाबतीत जरा जपून. ज्या सरांचं नाव घेताना आपला गळा दाटून येतो त्यांनीच समोरच्याला भर वर्गात पाणउतारा करून बसवलेलं असू शकतं. म्हणून मी ‘ते सर किती चांगले होते ना!’ असं कधी म्हणत नाही. ‘ते सर तुम्हाला होते का शिकवायला?’ एवढंच विचारते आणि आधी त्यांचा चेहरा बघते. जिन्यावरच्या गृहस्थांनी ग्रंथपालांबद्दल हसत हसत सांगितलं, पण त्यांच्या शाखेतल्या एका प्राध्यापकांचा विषय निघाल्यावर ते एकदम ‘हं’ म्हणून गप्प झाले. मी पुन्हा घंटेकडे वळले. घंटा वाजवणाऱ्या मामांबद्दल मग ते पंधरा मिनिटं बोलत होते.

आयोजकांना मात्र एक कळकळीची विनंती. बिल्ल्यावर ‘तेव्हाचं नाव’ मोठ्या अक्षरात छापा, आताचं खाली बारीक चालेल. निम्म्या मुलींची आडनावं बदललेली असतात, काहींची पहिली नावंही, आणि बॅचच्या यादीत आम्ही आम्हालाच सापडत नाही. उत्तीर्ण झाल्याचं एकच साल छापण्यापेक्षा ‘८८ ते ९१’ असं पूर्ण छापा, म्हणजे कोणाचं कोणतं वर्ष सामाईक होतं ते बघताक्षणी कळेल. आणि पहिला तासभर तरी स्पीकरवरची गाणी बंद ठेवा हो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना त्या गोंगाटात एकमेकांचं नावसुद्धा तीनदा विचारावं लागतं आणि चौथ्यांदा विचारायची लाज वाटते.

त्या गृहस्थांनी जाताना माझा नंबर घेतला आणि विचारलं, “सेव्ह कुठल्या नावाने करू?” मी बिल्ल्यावरचं आडनाव सांगणार होते. त्यांनी आधीच ‘वाजणारी पायरी’ टाइप केलं होतं.