उणे ०.००९: एका अबोल मुलीचं शिफारसपत्र

ऑक्टोबरमध्ये एमएस्सी झालेली माझी एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी बराच वेळ उभी होती. मी हाक मारली तेव्हा आत आली. "मॅडम, पीएचडीसाठी अमेरिकेत पाच ठिकाणी अर्ज करतेय. एलओआर हवं होतं. ड्राफ्ट करून आणलाय, तुम्ही फक्त बघून सही करा."

आपल्याकडे ही सर्रास रीत आहे. शिक्षकाला वेळ नसतो, मुलांना घाई असते, म्हणून विद्यार्थीच स्वतःचं शिफारसपत्र लिहितो आणि आपण लेटरहेडवर छापून सही करतो. मीही अशा बऱ्याच सह्या केल्या आहेत. पण तिचा ड्राफ्ट वाचला आणि हात थांबला. प्रामाणिक, कष्टाळू, नम्र, नियमित, आज्ञाधारक. सव्वा पानात तिच्याबद्दल एवढंच होतं. वर्गातल्या कुणाचंही नाव वर घातलं असतं तरी ते पत्र चाललं असतं.

हा प्रश्न अबोल मुलांच्याच बाबतीत सगळ्यात वाईट होतो, हे मला फार उशिरा कळलं. बोलकं मूल स्वतःचा ड्राफ्ट लिहितं तेव्हा बक्षिसं, सेमिनार, संमेलनातली धावपळ असं काही ना काही त्यात येतं. अबोल मुलाला स्वतःबद्दल चांगलं लिहायचाच संकोच असतो. ते नेटवरून नमुना घेतं आणि त्यातलीही दोन चांगली वाक्यं खोडून टाकतं. सहा वर्षांपूर्वी असाच एक मुलगा होता, त्याच्याच ड्राफ्टवर मी सही केली होती. त्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही. ते पत्रामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. पण त्याच्याबद्दल मला जे माहीत होतं त्यातलं एक अक्षरही त्या पत्रात नव्हतं, आणि ते माझ्या मनातून जात नाही.

"कष्टाळू" हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. २००३ मध्ये ट्रिक्स आणि प्सेंका या दोन संशोधिकांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली होती. प्राध्यापकांच्या नेमणुकांसाठी लिहिलेली ती पत्रं होती. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत मेहनती, विश्वासू अशा राबण्याच्या शब्दांकडे कल होता. पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचा उल्लेख जास्त होता. लिहिणाऱ्यांना बहुतेक कौतुकच करायचं असणार. पण निवड समितीत बसलेला माणूस "कष्टाळू" वाचून "म्हणजे हुशार नसावी" असं समजू शकतो, आणि त्याला थांबवायला आपण तिथे नसतो.

म्हणून मी तिला म्हटलं, "ड्राफ्ट राहू दे. तुझ्या प्रॅक्टिकलच्या सगळ्या वह्या आण. कच्च्यासुद्धा." ती गोंधळली. "मॅडम, कच्च्या वह्यांत खूप खाडाखोड आहे." मला तीच पाहायची होती.

आता थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल, कारण सगळं त्यातच आहे.

एमएस्सीला आम्ही पाण्यातलं लोह मोजायचा प्रयोग देतो. फिनॅन्थ्रोलिन नावाचं रसायन लोहाशी मिळून नारंगी रंग देतं. रंग जितका गडद तितकं लोह जास्त. तो गडदपणा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१० नॅनोमीटरला मोजायचा. त्याआधी यंत्राचं शून्य लावायला "ब्लँक" करतात, म्हणजे तीच सगळी रसायनं, फक्त नमुन्याच्या जागी डिस्टिल्ड वॉटर. प्रत्येकाने आपापल्या गावचं पाणी आणायचं असतं. तिने घरच्या विहिरीचं आणलं होतं.

तिचं रीडिंग आलं उणे ०.००९.

उणे येणं म्हणजे नमुन्याचा रंग ब्लँकपेक्षा फिका. पाण्यात लोह नसेल तर शून्य यावं, शून्याच्या खाली जाण्याचं कारण नाही. यंत्र एक-दोन हजारांशाने इकडेतिकडे हलतं, पण नऊ हे जास्त झालं. त्या दिवशी वर्गात आणखीही काही जणांना उणे रीडिंग आलं असणार, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच विहिरींत लोह जेमतेम असतं. त्यांच्या वह्यांत सुबक "०.०००" आहे. वर्षानुवर्षं मी त्या शून्यांवर सही करत आले.

तिच्या कच्च्या वहीत उणे ०.००९ तसंच आहे. खाली पुन्हा दोनदा काढलेली रीडिंग्ज आहेत, उणे ०.००८ आणि उणे ०.०१०. मग तारीख बदलते. दोन दिवसांनी तिने क्युव्हेट, म्हणजे यंत्रात द्रावण ठेवायची छोटी नळी, बदलून पाहिली. पुढच्या आठवड्यात रसायनांची नवी द्रावणं केली. फरक नाही. मग एका पानावर फक्त एक प्रश्न आहे: "ब्लँकमध्येच लोह असेल तर?"

तिने ऑरगॅनिक लॅबमधल्या काचेच्या उपकरणात आमचंच डिस्टिल्ड वॉटर पुन्हा ऊर्ध्वपातित केलं, त्याचा नवा ब्लँक केला आणि जुना ब्लँक त्याच्यासमोर मोजला. आला ०.०२३. म्हणजे ज्या पाण्याला आम्ही शुद्ध धरत होतो त्यात तिच्या विहिरीपेक्षा जास्त लोह होतं. नमुन्याच्या फ्लास्कमध्ये निम्मं पाणी विहिरीचं आणि निम्मं आमचं, ब्लँकमध्ये मात्र सगळंच आमचं, म्हणून ब्लँक गडद आणि नमुना उणे. नव्या पाण्याने सगळं पुन्हा केल्यावर विहिरीचं रीडिंग आलं अधिक ०.००३.

इथे थांबली असती तरी पुरे होतं. पण लोह येतंय कुठून, हे तिला हवं होतं. सोमवारी सकाळी साठवणीच्या टाकीतून निघालेलं पहिलं पाणी तिने घेतलं, आणि दुपारी बरंच पाणी वापरून झाल्यावर पुन्हा घेतलं. सकाळचं ०.०४१, दुपारचं ०.०१५. रविवारभर पाणी जिथे साचून राहतं तिथेच काहीतरी गंजत होतं. वहीच्या शेवटच्या पानावर ओळ आहे: "टाकीचा नळ लोखंडी आहे. पहिलं अर्धा लिटर टाकून द्यावं."

हे सगळं करायला तिला तीन आठवडे लागले, प्रॅक्टिकलच्या वेळेबाहेर. मला तेव्हा ती काही बोलली नाही. का, असं आता विचारलं तर म्हणाली, "आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. खात्री झाली तोवर सबमिशन होऊन गेलं होतं."

मी आमच्या लॅबमधल्या मामांनाही तिच्याबद्दल विचारलं. शिक्षकासमोर मुलं नीटच वागतात, मामांना त्यांचं खरं वागणं माहीत असतं. ते म्हणाले, "मॅडम, तिच्या टेबलावरचा ब्युरेट मला कधी सोडवावा लागला नाही." कॉस्टिक सोडा ब्युरेटमध्ये तसाच राहिला की काचेचा नळ घट्ट बसतो, मग मामा गरम पाण्यात घालून तास-तास झगडतात. ती दर वेळी ब्युरेट रिकामा करून, धुऊन, उलटा लावून जायची. शेजारच्यांचेसुद्धा.

पत्र लिहायला बसले तेव्हा आधी ऑनलाइन फॉर्मशी गाठ पडली. (लिंक जीमेलवर आली होती. एका विद्यापीठाने कॉलेजच्या डोमेनचाच ईमेल मागितला, तो मिळवण्यात चार दिवस गेले. शिक्षकांनो, तो आधीच करून ठेवा.) फॉर्ममध्ये तक्ता असतो: संशोधनाची क्षमता, तोंडी मांडणी, नेतृत्व, चिकाटी. समोर रकाने: वरचा १ टक्का, ५ टक्के, १० टक्के, २५, ५०. प्रत्येक गुणाला तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांशी तुलना करून खूण करायची.

सगळीकडे "वरचा १ टक्का" ठोकून द्यायचा मोह होतो. पण मग वाचणारा आपल्या कुठल्याच खुणेवर विश्वास ठेवत नाही, आणि जी खूण खरी असते तीही वाया जाते. मी तोंडी मांडणीला ५० टक्क्यांच्या रकान्यात खूण केली. हात जड झाला होता, पण ते खरं आहे. तिचा सेमिनार मी ऐकलाय. नेतृत्वासमोर "निरीक्षणाची पुरेशी संधी मिळाली नाही" हा रकाना होता, तो निवडला. संशोधनाची क्षमता आणि चिकाटी इथे मात्र वरचा १ टक्का.

अडचण अशी की मार्कांत ती चोवीस जणांत अकरावी होती. अकराव्या मुलीला वरच्या १ टक्क्यात बसवायचं तर त्याचा हिशेब पत्रात द्यायलाच हवा. मी लिहिलं: "चौदा वर्षांत मी एमएस्सीच्या तीनशेहून जास्त विद्यार्थ्यांना हा प्रयोग शिकवला. त्या प्रयोगातला माझ्याच प्रयोगशाळेचा दोष शोधून त्याच्या उगमापर्यंत पोचलेली ही एकटी." त्यानंतर रीडिंग्जसकट सगळा प्रसंग लिहिला. आमच्या परीक्षेत तीन तासांत उत्तर लागतं आणि हिला एका उत्तराला तीन आठवडे लागतात, मार्कांतलं अंतर मला तिथे दिसतं, हेही लिहिलं. "शांत" हा शब्द मी वापरला नाही. सेमिनारबद्दल एकच वाक्य लिहिलं, की ती कमी बोलते आणि जे बोलते ते आधी तपासलेलं असतं. घरची परिस्थिती लिहू का, असं विचारलं होतं, ती नको म्हणाली. नाही लिहिली.

पत्र दीड पानाचं झालं. "कष्टाळू" त्यात कुठेच नाही, तीन आठवड्यांच्या तारखा आहेत.

अमेरिकेत १९७४ पासून विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा कायदेशीर हक्क आहे. अर्ज करताना बहुतेक जण शिफारसपत्रापुरता तो सोडून देतात, म्हणजे पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं समितीला वाटतं. तिनेही सोडला होता. त्यामुळे मी काय लिहिलं हे तिला इतके महिने माहीत नव्हतं. आता सगळं पार पडलंय. पाचपैकी तिघांचा नकार आला, एकाने प्रतीक्षायादीत ठेवलं, एका ठिकाणी पर्यावरणीय रसायनशास्त्रात पीएचडीला प्रवेश मिळाला, फेलोशिपसकट. तिला विचारूनच हे लिहितेय.

सहकाऱ्यांना एक विनंती आहे. मुलाकडून ड्राफ्ट मागू नका, वही मागा, आणि निदान दीड महिना आधी मागा. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाची खूण कुठेतरी उमटलेली असते, पण अर्जाच्या मुदतीच्या आदल्या रात्री, डिसेंबरच्या १४ तारखेला, ती शोधायला बसलात तर सापडत नाही. मी यंदापासून टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रॅक्टिकल संपलं की काही दिसलं असेल तर तारखेसह दोन ओळी लिहिते. परवाची नोंद द्वितीय वर्षाच्या एका मुलाची आहे: "टायट्रेशनची तीन रीडिंग्ज जुळत नव्हती. शेजारच्याने आपलं दाखवलं. याने पाहिलं नाही, चौथं काढलं."

टाकीला आता प्लास्टिकचा नळ आहे.