निरंक

आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले आणि पहिल्याच पावसाळ्यात ते हलायला लागले. एका ब्लॉकवर पाय ठेवला की शेजारच्या ब्लॉकखालून पाण्याची पिचकारी उडते आणि ती नेमकी पांढऱ्या पायजम्यावर. पायजमे धुऊन धुऊन वैतागलेल्या बायकोने एक दिवस फर्मावलं, "अहो, लेख कसले लिहिता, अर्ज लिहा." लिहिला. महाराष्ट्राच्या नियमानुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. मला नुसतं पिचकारीचं वर्णन करायलाच दोनशे लागतात. तरी सगळं छाटून चार मुद्दे काढले, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि ६ मेला नगरपालिकेत देऊन आलो.

उत्तर ११ जूनला घरी आलं. एकपानी पत्र, मागे दोन झेरॉक्स. सुरुवात "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की" अशी. पत्रातलं हे वाक्य मला तिथेच थांबून नीट समजलं, पुढचं काहीही समजलं नाही. मुद्दा एक: "प्रत सोबत जोडली आहे." मुद्दा दोन: "सदर माहिती कलम ८(१)(घ) अन्वये देता येत नाही." मुद्दा तीन: "निरंक." मुद्दा चार: "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही."

मुद्दा दोनमध्ये मी मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली होती. काम होत असताना अभियंता लांबी, रुंदी, जाडी तिच्यात टिपतो आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. ती का देता येत नाही हे पाहायला मी मोबाइलवर कायदा उघडला. तो निघाला इंग्रजीत. घ म्हणजे जी, असा सरळ हिशेब करून मी आठव्या कलमातलं जी वाचलं. त्यात लिहिलं होतं की, जी उघड केल्याने एखाद्याच्या जिवाला धोका होईल, अशी माहिती देणं बंधनकारक नाही. मी घाबरलो. पेव्हर ब्लॉकच्या जाडीवर कुणाचा जीव अवलंबून असेल ही कल्पनाच मला आली नव्हती. दोन दिवस मी गल्लीतून जाताना ब्लॉककडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. अशी पत्रं त्यांनी आयुष्यभर लिहिली, त्यामुळे वाचायचं कौशल्य त्यांच्याकडे आयतंच आलं आहे. त्यांनी आधी मजकूर वाचलाच नाही.

"पाकीट कुठंय?"

"पाकीट कशाला?"

"पत्रावर जावक तारीख २ जून आहे. तुमच्या हातात आलं कधी?"

"अकराला."

"मग हे मधले नऊ दिवस कुठे होतं? उत्तराची तीस दिवसांची मुदत पाच जूनला संपत होती. पोस्टाचा शिक्का बघितल्याशिवाय कळायचं नाही. आणि अपिलाचे तीस दिवस पत्र तुम्हाला मिळाल्यापासून मोजायचे, जावक तारखेपासून नव्हे. पाकीट आणा."

मी घरी येऊन विचारलं. पाकिटात मेथीचं बी भरून ठेवलं होतं. बी एका वाटीत काढलं आणि पाकीट घेऊन खाली गेलो. शिक्का ९ जूनचा होता. काका मेथीचे दाणे झटकत समाधानाने हसले. "पत्रात उत्तर मुदतीत, पोस्टात मुदतीबाहेर. कागदावर वेळेत असणं निराळं हो."

मग त्यांनी घ ची गंमत सांगितली. मराठी कायद्यात पोटकलमं क, ख, ग, घ अशी जातात, म्हणजे घ हे इंग्रजीतलं चौथं, डी. त्यात व्यापारी गुपितं येतात, म्हणजे जी फोडली तर त्रयस्थाचं बाजारातल्या स्पर्धेत नुकसान होईल अशी माहिती. (याच न्यायाने मराठीतला ज हा इंग्रजीतला एच होतो आणि वैयक्तिक माहितीवाला जे मराठीत ञ होतो. या घोटाळ्यात भलेभले सापडतात म्हणे. मला जरा बरं वाटलं.)

"पण जाडी हे गुपित कसं?" मी विचारलं.

"तेच तर. मोजमाप पुस्तिका लिहिली पालिकेच्या अभियंत्याने, ब्लॉक पडलेत तुमच्या रस्त्यावर, मोजपट्टी घेऊन कुणीही मोजावं. ठेकेदाराचं गुपित त्यात येतं कुठून? आणि असलंच एखादं, तर तेवढं झाकून बाकीचं द्यायचं, असं दहावं कलम सांगतं. नुसता कलमाचा आकडा टाकून भागत नाही, नाकारण्याचं कारण लिहावं लागतं. हा नकार बरोबर आहे हे सिद्ध करायची जबाबदारीसुद्धा त्यांच्यावर, तुमच्यावर नाही."

मग मी तिसऱ्या मुद्द्याकडे बोट दाखवलं. मला सगळ्यात जास्त राग त्याच शब्दाचा होता. एवढ्या मोठ्या कार्यालयाने माझ्या प्रश्नाला तीन अक्षरांत वाटेला लावलं होतं. काकांनी मात्र झेरॉक्स पुढे ओढली. पहिल्या मुद्द्यात मिळालेला तो कार्यारंभ आदेश. दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक अट होती: दोषदायित्व कालावधी तीन वर्षे. म्हणजे तीन वर्षांत काही खराब झालं, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं.

"आणि तुमचा तिसरा मुद्दा काय होता?"

"दुरुस्तीसाठी ठेकेदाराला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती."

"त्यावर ते म्हणतात निरंक. म्हणजे काय?"

मी गप्प.

"म्हणजे एकही पत्र पाठवलेलं नाही! अहो, त्यांनी हे सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय. नकार आणि निरंक यांत फरक करा. नकारात माहिती आहे पण देत नाही. निरंकात माहिती हीच की काहीही झालेलं नाही. याला अपिलात हातही लावू नका, हे सोनं आहे."

ज्या शब्दावर मी चार दिवस चिडलो होतो तोच गल्लीचा सगळ्यात मोठा पुरावा निघाला. चौथा मुद्दा मात्र माझीच चूक होती. मी विचारलं होतं, "काम एवढ्या लवकर का खराब झाले?" अधिकाऱ्याने दफ्तरात असलेला कागद द्यायचा असतो, विचार करून उत्तर नव्हे. पुन्हा अर्ज करून "कामाच्या पाहणी अहवालाची प्रत" मागायची, असं काकांनी सुचवलं.

पत्राच्या शेवटच्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या, कारण तिथे सही असते असं मला वाटायचं. तिथे प्रथम अपिलीय अधिकारी म्हणून उपमुख्याधिकाऱ्यांचं पद होतं आणि तीस दिवसांची मुदत लिहिली होती. म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे अपील. सुनेची तक्रार सासूकडे, असा हा प्रकार. त्यांना निकालाला तीस दिवस मिळतात, कारणं लिहून फार तर पंचेचाळीस. तिथेही जमलं नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. "तिथली रांग मोठी आहे," काका म्हणाले, "म्हणून पहिलंच नीट लिहा. फक्त मुद्दा दोन. शिव्या नकोत, पिचकारी नको."

पिचकारी न घालता अपील लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. वीस रुपयांचा स्टॅम्प लावला, पत्राची आणि पाकिटाची झेरॉक्स जोडली आणि २० जूनला पोच घेऊन आलो. आवक खिडकीवरच्या बाईंनी पाकिटाची झेरॉक्स उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हे कशाला?"

"शिक्का," मी काकांच्या आवाजात म्हणालो.

घरी आल्यावर पोच बायकोला दिली आणि जपून ठेवायला सांगितलं. तिने मेथीच्या बियांची वाटी पुढे केली. मूळ पाकीट मात्र मी आता परत द्यायला तयार नाही.