मामांकडे 60 हजार मागितले त्याची गोष्ट (आणि तो मेसेज)

"जमेल तसं देतो" हे वाक्य नातेवाईकाला पाठवणं म्हणजे त्याच्या पैशाचा आणि त्याचा, दोघांचाही अपमान आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. आधी मीही हेच वाक्य लिहिणार होतो म्हणून सांगतोय.

झालं असं की मे महिन्यात आम्हाला पुण्यातच भाड्याचं घर बदलायचं होतं. नव्या घराचं डिपॉझिट 90 हजार, एजंटचं एका महिन्याचं भाडं म्हणजे 22 हजार, टेम्पो-हमाली 9 हजार. एकूण 1 लाख 21 हजार. हाताशी होते 61. जुन्या मालकाकडे आमचे 50 हजार अडकलेले, पण ते घर रिकामं केल्यावर मिळणार आणि नवं डिपॉझिट त्याच्या आधी द्यायचं. भाडेकरूंना ही कात्री चांगली माहितीये. पैसे आपलेच असतात, फक्त पंधरा-वीस दिवस उशिरा येणार असतात.

साताऱ्याचे मामा रिटायर्ड आहेत, त्यांच्याकडे मागायचं ठरलं. मी मोबाईल घेतला आणि टाईप केलं, "मामा, फ्री आहात का? थोडं काम होतं". बायकोने बघितलं आणि म्हणाली हे पाठवू नकोस, त्यांना वाटेल कोणीतरी हॉस्पिटलमध्ये आहे. बरोबर होतं तिचं. मग मी म्हटलं डायरेक्ट फोन करतो, तर म्हणे फोनवर माणूस अडकतो, भाच्याला तोंडावर नाही कसं म्हणणार, लिहून पाठव म्हणजे त्यांना रात्रभर विचार करता येईल. शिवाय फोनवर ठरलेल्या तारखा महिन्याभराने कोणालाच नीट आठवत नाहीत.

खरी भांडाभांडी परतफेडीवरून झाली. माझा प्लॅन सोपा होता, जुनं डिपॉझिट आलं की 50 देऊन टाकू आणि उरलेले 10 जुलैत. ती म्हणाली की मालक पूर्ण 50 देईल कशावरून, रंगाचे कापणार, साफसफाईचे कापणार आणि तारीख पण पुढे ढकलणार, मग तू मामांना काय सांगणार, मालकाने दिले नाहीत? मालकाशी मामांचा काय संबंध? म्हणून आम्ही हिशोब उलटा केला. दोघांच्या पगारातून भाडं, गाडीचा हप्ता, किराणा जाऊन महिन्याला जेमतेम 18-19 हजार उरतात, तर महिन्याला 15 पक्के धरायचे आणि डिपॉझिटमधले फक्त 30 हजार मोजायचे. तारखाही पगाराच्या दिवशीच्या नाही ठेवल्या. पगार 1 तारखेला होतो, भाडं आणि गाडीचा हप्ता 5 ला जातो, म्हणून मामांची तारीख 7. ह्या दोन दिवसांच्या गॅपमुळे मला नंतर किती शांत झोप लागली ते मलाच माहीत.

शेवटी 20 मेला संध्याकाळी गेलेला मेसेज हा:

"मामा, नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत, काळजीचं काही नाही. एक मदत मागायची होती. आम्ही 1 जूनपासून घर बदलतोय. नव्या घराचं डिपॉझिट आधी द्यावं लागतंय आणि जुनं नंतर मिळणार आहे, त्यामुळे 60 हजार कमी पडताहेत. 30 मेपर्यंत लागतील. तुम्हाला शक्य असेल तर उसने हवे होते. परत असे देईन: 20 जूनला 30 हजार, 7 जुलैला 15 हजार, 7 ऑगस्टला 15 हजार. जुनं डिपॉझिट यायला उशीर झाला तर तुम्हाला आधी कळवेन. त्यासाठी एफडी मात्र मोडू नका, बाजूला पडलेले असतील तरच. मामींशी बोलून 25 तारखेपर्यंत सांगा. नाही जमलं तरी मनात काही ठेवणार नाही, मी ऑफिसमधून ॲडव्हान्सचं बघेन."

यात 25 तारीख का टाकली तर नाही आलं तर मला दुसरीकडे धावायला पाच दिवस हवे होते. आणि ऑफिसच्या ॲडव्हान्सचं खरंच विचारून ठेवलं होतं, नुसतं सौजन्य म्हणून लिहिलं नव्हतं. दुसरा रस्ता आहे हे समोरच्याला दिसलं की त्याला नाही म्हणता येतं. "तुमच्याशिवाय कोणी नाही" असं लिहिलं की ती विनंती राहत नाही, गळ्यात दोरी होते. आणि हो, हा मेसेज फक्त मामांना गेला, फॅमिली ग्रुपवर नाही, आईला पण नाही. आईने मध्यस्थी केली असती तर बहीण-भावाचा विषय झाला असता.

व्याजाचं मी मुद्दाम लिहिलं नाही. फोनवर हळूच काढलं तर मामा म्हणाले "मला सावकार करतोस होय रे?" विषय संपला. पण ते म्हणाले की कपाटात रोख आहेत, येऊन घेऊन जा. तिथे मी नको म्हटलं, कारण प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख उसनी घ्यायची नसते, परतही रोखीत करायची नसते. आणि नियम बाजूला ठेवला तरी खात्यावरून गेलं की दोघांकडे नोंद राहते. मामा बँकेत जाऊन स्लिप भरून एनईएफटी करून आले, 27 तारखेला पैसे जमा.

आता बायकोचं भाकीत. मालकाने रंगाचे 12 हजार कापले आणि "महिनाअखेरीस देतो" म्हणाला. 17 जूनला मी मामांना लिहिलं: "मामा, मालक डिपॉझिट महिनाअखेरीस देतोय. म्हणून 20 तारखेला 10 हजार पाठवतो आणि राहिलेले 20 हजार 30 जूनपर्यंत. 7 जुलै आणि 7 ऑगस्ट आहे तसंच." तारीख उलटून गेल्यावर दिलेलं कारण बहाण्यासारखं वाटतं, तेच तीन दिवस आधी सांगितलं की माहिती वाटते. आणि नवीन तारीख देताना त्या दिवशी काहीतरी रक्कम गेलीच पाहिजे, कोरडा मेसेज नाही. 28 जूनला मालकाचे 38 हजार आले, त्याच दिवशी 20 मामांना. मी मूळ प्लॅनप्रमाणे 50 कबूल केले असते तर तिथेच 12 हजाराला तोंडघशी पडलो असतो.

प्रत्येक वेळी पैसे पाठवले की एक ओळ लिहायचो, "15 पाठवले, आता 15 राहिले". मामा उत्तरात फक्त अंगठा पाठवायचे.

7 ऑगस्टला शेवटचे गेले. राखीला साताऱ्याला गेलो तेव्हा मामींनी चहा देता देता सांगितलं की त्यांना त्या अख्ख्या मेसेजमधलं एकच वाक्य आवडलं, "मामींशी बोलून" वालं. काही वर्षांपूर्वी मामांनी कोणाला तरी 40 हजार दिले होते, मामींना ते वर्षभराने दुसऱ्याच माणसाकडून कळलं. ते अजून आलेले नाहीत. मामा पेपरमध्ये डोकं घालून बसले होते, पण पान काही उलटत नव्हते.