खोडलेले ‘सर’

गेल्या आठवड्यात माझ्या एका अनुवादाची मुद्रितं परत आली. संपादकांनी ठिकठिकाणचे ‘सर’ खोडले होते, एका प्रसंगातले तर सगळेच. समासात लिहिलं होतं, ‘मराठीत आदर क्रियापदात येतो, सारखं सर-सर नको.’ मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि शेवटी त्या प्रसंगातले ‘सर’ परत घातले. का घातले ते जरा सविस्तर लिहितो.

संपादकांचं म्हणणं एरवी बरोबरच असतं. इंग्रजीत समोरच्याला एकच सर्वनाम. मुलाला तेच, न्यायाधीशालाही तेच. त्यामुळे आदर दाखवायचा तर ‘सर’ किंवा ‘मॅडम’ वेगळं जोडावं लागतं. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहे आणि क्रियापदही त्यांच्यामागून चालतं. ‘तुम्ही सांगितलंत’ म्हटलं की मान देऊन झाला. तिथे मुळातला ‘सर’ गाळला तरी काही हरवत नाही, उलट वाक्य मोकळं होतं.

पण आता हा प्रसंग बघा. पुलाच्या तपासणीत खोट निघाली आहे आणि वरिष्ठ अधिकारी कनिष्ठ अभियंत्याची उलटतपासणी करतो आहे. अभियंत्याची उत्तरं अशी:

‘मोजमाप दोनदा घेतलं, सर.’
‘हो सर, सही माझीच आहे.’
‘नाही सर, तिथे दुसरं कोणी नव्हतं.’

मग अधिकारी आकडा बदलायला सांगतो. त्यावर उत्तर येतं:

‘मी आकडा बदलणार नाही.’

या चारही वाक्यांत ‘तुम्ही’ कुठेच नाही. बोलणारा स्वतःबद्दल, सहीबद्दल, मोजमापाबद्दल बोलतो आहे. म्हणजे मराठी क्रियापदाला मान दाखवायला जागाच नाही! इथे सगळा आदर त्या एका ‘सर’वर उभा आहे. तो पहिल्या तीन वाक्यांतून काढला, तर चौथ्या वाक्यात तो नाही हे वाचकाला कळणार कसं? लेखकाने बंड दाखवलं आहे ते त्या न उच्चारलेल्या शब्दात. कुणी सुचवेल, शेवटी ‘तू’ वापरा. पण ‘तू’ म्हणजे थेट अपमान, आणि हा माणूस अपमान करत नाहीये, फक्त झुकायचं थांबला आहे. हे दाखवायला ‘सर’ आधी असणं आणि मग नसणं याहून चांगलं साधन मला तरी सापडलं नाही.

म्हणून मी आता प्रत्येक ‘सर’पाशी थांबून वाक्यात ‘तुम्ही’ आहे का ते बघतो. असेल तर बहुतेक वेळा गाळतो. नसेल तर गाळण्याआधी पुढची दोन पानं वाचतो.

‘सर’ऐवजी ‘साहेब’ का नको, असंही विचारलं गेलं. मजूर अधिकाऱ्याशी बोलत असता तर मी ‘साहेब’च लिहिलं असतं. पण हे दोघे एकाच पेशातले आहेत, आणि कथा परदेशात घडते. तिथे ‘साहेब’ आला की पात्रं अचानक आपल्या कचेरीत येऊन बसतात.

शिवाय हा शब्द आपल्याकडे वचनाप्रमाणे अर्थ बदलतो. ‘साहेबांनी सांगितलं’ म्हणजे वरिष्ठांनी. ‘साहेबाने रेल्वे आणली’ म्हणजे इंग्रजाने. ‘बाबासाहेब’, ‘नानासाहेब’ यांत तर तो नावाचाच भाग झाला आहे. मराठीतून इंग्रजीत नेताना या तिन्ही ठिकाणी एकच शब्द टाकणाऱ्याने वाक्य नीट ऐकलेलंच नसतं. ‘मॅडम’चंही तसंच: जुन्या मराठीतली ‘मडम’ ही गोरी बाई, आणि आजच्या ‘मॅडम’ म्हणजे शिक्षिका किंवा अधिकारी. एकच शब्द दोनदा आपल्याकडे आला आणि दोन अर्थांनी राहिला.

नावाआधीचा ‘सर’ मात्र निराळा. तो किताब आहे, त्याचं भाषांतर करायचं नाही. न्यूटनला तो १७०५ मध्ये मिळाला. असा ‘सर’ पहिल्या नावाला लागतो: सर आयझॅक न्यूटन, किंवा नुसतं सर आयझॅक. ‘सर न्यूटन’ चूक. आणि ‘न्यूटन सर’ लिहिलं तर ते आपले शाळेतले शिक्षक होतात.

जुन्या इंग्रजी संवादांत भांडतानाही ‘सर’ येतो. तिथे आदर नसतो, अंतर असतं. अशा जागी मला ‘महाशय’ बरा वाटतो: ‘महाशय, तुम्ही खोटं बोलताय.’ ‘सर, तुम्ही खोटं बोलताय’ हे विद्यार्थ्याचं वाक्य वाटतं.

मुद्रितं काल परत पाठवली. तीन ‘सर’ जागेवर ठेवले. इतर पानांवरचे, जिथे ‘तुम्ही’ होतं तिथले, संपादकांनी खोडलेले मान्य केले. चौथ्या ओळीच्या समासात एवढंच लिहिलं: ‘इथे सर नाही, ते मुद्दाम. नंतर कुणी घालू नये.’