खेचराला पिल्लू का होत नाही?

"सर, सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनात पाठांतराशिवाय फरक कसा ध्यानात ठेवायचा? दहावी, परभणी."

माळेगावच्या यात्रेत विकायला येणारं खेचर आठव. घोडीची गुणसूत्रं 64, गाढवाची 62. घोडीकडून 32 अन् गाढवाकडून 31 आली, म्हणून खेचराची 63.

तरीही खेचर धडधाकट वाढतं, जखमही भरते. कारण ही कामं सूत्री विभाजनाची. त्यात प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते, सगळी पेशीच्या मध्यावर एका ओळीत येतात आणि एकेक प्रत दोन्हीकडे जाते. 63 च्या 63-63. इथे जोडीदार लागतच नाही, त्यामुळे विषम आकडा आडवा येत नाही.

शुक्रपेशी किंवा अंडपेशी बनताना मात्र अर्धगुणसूत्री विभाजन लागतं आणि गाडी तिथंच अडते. नक्कल इथेही एकदाच होते, पण विभाजनं दोन. पहिल्यात आईकडचं आणि वडिलांकडचं सारखं गुणसूत्र एकमेकांना चिकटून जोडी करतं, मग जोडीदार वेगळे होतात. संख्या निम्मी होते ती इथेच. दुसऱ्यात फक्त प्रती सुटतात. (मुलं नेमकं हेच उलटं लिहितात.) खेचरात घोड्याची आणि गाढवाची गुणसूत्रं नीट जुळत नाहीत, शिवाय एक जास्तीचं. जोड्या बिघडल्या की बहुतेक पेशी मध्येच मरतात, म्हणून खेचर जवळपास नेहमीच वांझ.

माणसात 46 ची 23 होतात. एखादी जोडी सुटलीच नाही तर अंडपेशीत 24 जाऊ शकतात. ते जास्तीचं 21 वं असेल, तर बाळाला डाऊन सिंड्रोम होतो.